सहा बाय बारा

धाकट्या दिराला जुळ्या मुली झाल्या आणि अख्ख्या घराची झोप उडाली, त्या वर्षीची ही गोष्ट. एक निजली की दुसरी जागी व्हायची, आणि दुसरीला थोपटावं तर पहिलीला जाग यायची. त्याच घरातल्या थोरल्या सुनेने तेव्हा बसची ड्रायव्हर व्हायचं मनावर घेतलं होतं.

तिला सगळे भिंगरी म्हणत. माहेरी लहानपणी एका जागी बूड टेकत नव्हतं म्हणून पडलेलं नाव, ते सासरीही मागोमाग आलं. तिचे सासरे बसचेच ड्रायव्हर. उभा जन्म स्टिअरिंगमागे गेला, आता निवृत्त होऊन खाटेवर बसून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला नावं ठेवत. सुनेला गाडी शिकवली ती त्यांनीच. आधी मोकळ्या मैदानात, मग भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. त्या गल्लीत म्हशीलाही अंग चोरून जावं लागतं. तिथून तिने एकाही टोपलीला धक्का न लावता टेम्पो बाहेर काढला, त्या दिवशी सासरे घरी येऊन बायकोच्या फोटोपुढे म्हणाले, "पोरगा नाही निघाला, पण सून निघाली."

पोरगा, म्हणजे भिंगरीचा नवरा, नळदुरुस्ती करायचा. तो तिथेच उभा होता. म्हणाला, "बाबा, मी ऐकतोय."

"ऐक की. ऐकायलाच बोललो."

लायसन झालं, गाडीची परीक्षा झाली, तोंडी झाली. राहिलं होतं फक्त मेडिकल. सासरे म्हणाले, "मेडिकल म्हणजे काय, छाती फुगवायची, जीभ काढायची आणि पाटी वाचायची. जाऊन ये हसत."

ती गेली हसत, आणि आली ती तोंड पाडून.

हातात कागद होता. बाकीचं सगळं ठीक. डोळ्यांच्या रकान्यात दोनदा लिहिलं होतं: उजवा ६/१२, डावा ६/१२. खाली शेरा: अपात्र. चष्मा करून उद्या दुपारी एकपर्यंत फेरतपासणीस यावे.

घरात तो कागद हातोहात फिरला. दीर म्हणाला, "झोप कुठे आहे वहिनीला? आमच्या पोरींनी घात केला." जाऊबाईंनी लगेच पदर डोळ्याला लावला. नवरा म्हणाला, "बारापैकी सहा? म्हणजे निम्मे मार्क."

सासऱ्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि शेवटी म्हणाले, "निम्मे म्हणजे पन्नास टक्के. पस्तीसला पास करतात जगात. हा कोण टिकोजी पन्नासवाल्याला नापास करणारा?"

"बाबा, त्यांना सहा बाय नऊ तरी पाहिजे. दोन्ही डोळ्यांना. तसं सांगितलं त्यांनी."

"नवापैकी सहा. म्हणजे सहासष्ट टक्के. फर्स्ट क्लासच मागतोय की लेकाचा."

भिंगरी हसली नाही. तिच्यामागे सहा जण रांगेत होते. उद्या एकला निवडलेल्यांची नावं वर जायची, आणि ती नसली तर तिच्या जागी मागचा माणूस. पुढची भरती कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर तिने वयाची अट ओलांडली असती. ही संधी हुकली तर बस चालवणं कायमचं हुकलं, इतका साधा हिशोब होता.

सकाळी दुकानं उघडायच्या आतच ती सासऱ्यांना घेऊन चष्म्याच्या दुकानासमोर उभी राहिली. दुकान चष्मेवाल्या बाईंचं. शिकलेल्या, डोळे तपासायची रीतसर परीक्षा दिलेल्या, आणि बोलायला फटकळ. दुकान म्हणजे दोन इमारतींमधला बोळच जणू, छप्पर घातलेला. पुढे काचेची कपाटं, मागे पडद्याआड तपासायची खोली, तीही तशीच चिंचोळी. एका टोकाला खुर्ची, समोरच्या भिंतीवर आरसा.

"बाई, चष्मा पाहिजे. दुपारी एकच्या आत," भिंगरी म्हणाली.

"वडे तळतेय का मी? आधी डोळे तर बघू दे."

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, एका डोळ्यावर झाकण धरायला दिलं आणि दिवा लावला. समोरच्या आरशात अक्षरं उजळली. वरचं एकटंच, भलंमोठं. मग ओळीमागून ओळ बारीक होत गेलेली.

"वाच."

भिंगरी वाचत सुटली. अक्षरं कशी स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखी. शेवटून दुसरी ओळ तिने एका दमात संपवली. डावा डोळा, तेच. बाईंनी काचा लावून पाहिल्या. प्रत्येक काचेने अक्षरं बिघडली, सुधारली एकीनेही नाही.

"झालं. ऊठ," बाई म्हणाल्या. "सहा बाय सहा, दोन्ही. नंबर शून्य. चष्मा कशाला हवाय तुला, शोभेला?"

भिंगरीने कागद पुढे केला. बाईंनी वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला.

"कधीचा?"

"कालचा."

"काल सहा बाय बारा आणि आज सहा बाय सहा? डोळे आहेत की बाजारभाव?"

"मला काही माहीत नाही बाई. तुम्ही द्या कसलाही चष्मा. नंबर असला नसला तरी. तो नाकावर लावून तरी मला पास करतील."

"साध्या काचेने तिथलं वाचता येणारे का तुला? काल आलं नाही ते?"

सासरे स्टुलावर बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, "पण बारापैकी सहा म्हणजे पन्नास टक्के ना हो बाई? ते तरी सांगा त्यांना लिहून."

चष्मेवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला. "काका, हे मार्क नाहीत. पैकी-बिकी काही नाही. हे अंतर आहे, मीटरमधलं. या इकडे."

त्यांनी दोघांना दुकानाच्या दारात आणलं. रस्त्यापलीकडे शिंप्याची पाटी होती.

"समजा, ज्याचे डोळे निकोप आहेत असा एक माणूस तिकडे लांब उभा आहे. बारा मीटरवर. त्याला तिथून एक ओळ जेमतेम वाचता येते. आणि तुम्हाला तीच ओळ वाचायला सहा मीटरवर यावं लागतं. तर तुमची नजर सहा बाय बारा. वरचा आकडा, तुम्ही कुठून पाहिलं. खालचा आकडा, निकोप डोळ्याला तेवढंच कुठून दिसतं. तक्त्यावरची प्रत्येक ओळ एकेका अंतरासाठी मापून छापलेली असते. सगळ्यात वरचं मोठं अक्षर साठ मीटरचं. तेवढंच वाचलं तर सहा बाय साठ."

"आणि सहा बाय सहा?" भिंगरीने विचारलं.

"सहा मीटरवरून जे दिसायला हवं ते सहा मीटरवरूनच दिसलं. म्हणजे चारचौघांसारखी नजर. शंभर टक्के वगैरे काही नाही. कुणाला त्याहून चांगलंही दिसतं, सहा बाय पाच. निकोप माणसाला जे वाचायला पाच मीटरवर यावं लागेल, ते असे लोक सहावरून वाचतात."

"म्हणजे त्यांना एकशे वीस टक्के," सासरे म्हणाले.

"काका."

"बरं बरं, राहिलं."

भिंगरी मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. वरचा आपला, खालचा निकोप माणसाचा. वरचा आपला. मग तिने एकदम विचारलं, "बाई, पण तुमची खोली कुठे सहा मीटर आहे? ही तर आमच्या न्हाणीपेक्षा थोडी मोठी."

बाई खूश झाल्या. असा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही. "म्हणून तर आरसा. खोली तीन मीटरची. तक्ता तुझ्या डोक्याच्या वर, मागच्या भिंतीला. तू बघतेस आरशात. तक्त्यापासून आरशापर्यंत तीन, आरशापासून तुझ्या डोळ्यापर्यंत तीन. झाले सहा. तक्ता उलटा छापलेला, आरशात सुलटा दिसावा म्हणून."

"असं होय. तिकडे मेडिकलच्या खोलीतही भिंतीवर अक्षरं उलटी होती. मला वाटलं, जुना झालाय म्हणून भंगलाय तक्ता." भिंगरी पुन्हा खुर्चीवर बसली आणि आरशात स्वतःकडे पाहू लागली. मान इकडे केली, तिकडे केली. "पण इथे मी मोठी दिसते. तिकडे एवढीशी दिसत होते. कुंकू लावलंय की नाही तेही कळत नव्हतं."

"एवढीशी?" सासरे म्हणाले. "मी वर्षानुवर्षं त्या खुर्चीवर बसलोय. मला माझ्या मिशीतला पांढरा केस दिसायचा. तपासणारा अक्षरं विचारायचा आणि मी मिशी बघत बसायचो."

"नाही हो बाबा. नवीन इमारत ना आता. नवी खोली आहे. चांगली लांबलचक, बसच उभी राहील आत."

चष्मेवाल्या बाई पडदा बाजूला करत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला.

"लांबलचक खोली," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि आरसा?"

"आहे की. समोरच्या भिंतीला."

"आणि खुर्ची?"

"दुसऱ्या टोकाला. तिथे जमिनीवर पिवळा पट्टा मारलाय. सहा मीटर असं लिहिलंय त्याच्यावर."

बाईंनी पडदा सोडला. "अगं, सहा मीटर कुठून कुठे?"

भिंगरीने आरशाकडे पाहिलं. मग तिचे डोळे इतके मोठे झाले की सासरेच घाबरले. "पट्ट्यापासून आरशापर्यंत," ती म्हणाली. "म्हणजे जायला सहा आणि यायला सहा."

"बारा," बाई म्हणाल्या.

"मी बारा मीटरवरून वाचलं?"

"बारा मीटरची ओळ तू बारा मीटरवरून वाचलीस. बारा बाय बारा. म्हणजेच सहा बाय सहा. आणि त्याने डोळे झाकून वर सहा लिहिला."

एवढं कळल्यावर मग कोण थांबतंय. बाईंनी दुकानाची पाटी 'बंद'कडे फिरवली, खणातून लोखंडी टेप घेतली आणि कुलूप लावलं. एक गिऱ्हाईक येत होतं, त्याला म्हणाल्या, "दुपारी या, चष्मा पळून जात नाही." सासऱ्यांचा गुडघा सकाळपासून कुरकुरत होता, तो आता गप्प झाला होता. भिंगरी थांब्यापर्यंत पुढे धावायची आणि पुन्हा मागे यायची, कुत्र्याच्या पिलासारखी.

बस मात्र येईना. एक आली नाही, दुसरीही नाही. थांब्यावर लोक शिव्या घालत होते. अखेर आली ती तुडुंब भरलेली. ड्रायव्हर सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेला. तो काचेतून ओरडला, "उस्ताद, लवकर चढा. गाड्याच नाहीत रस्त्यावर. निम्मे ड्रायव्हर बसवून ठेवलेत, डोळ्यांत नापास. परवा माझा नंबर आहे तपासणीचा, माझीही नोकरी गेलीच समजा."

सासरे दांडीला लोंबकळत म्हणाले, "तुझी नाही जात. गाडी हाण."

डेपोत मेडिकलच्या खोलीबाहेर बाकावर ड्रायव्हरांची रांग बसलेली. काहींच्या नाकावर नवे कोरे चष्मे, आणि त्यातून ते एकमेकांकडे अशा नजरेने बघत होते, जणू प्रत्येकाला दुसरा पाण्याखाली दिसतोय. एक जण चष्मा कपाळावर चढवून वर्तमानपत्र वाचत होता.

डोळे तपासणारा माणूस सरळ होता. वाळका, नीटनेटका, शर्टाची वरची गुंडी लावलेला. जुना तपासनीस निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी आलेला. नवी खोली मिळाल्यावर त्याने स्वतः उभं राहून ती लावून घेतली होती, आणि पट्टाही स्वतः रंगवला होता. गेल्या आठवड्यापासून एकामागून एक नापास होत होते. तो त्याचं खापर मोबाइलवर फोडत होता, आणि रात्री घरी जाऊन बायकोला सांगत होता की या शहराच्या डोळ्यांचं काही खरं नाही.

"चष्मा आणलात?" त्याने भिंगरीला विचारलं.

"नाही आणला. लागतच नाही."

चष्मेवाल्या बाईंनी आपला रिपोर्ट पुढे केला. त्याने पाहिला आणि परत दिला. "मॅडम, बाहेरचा रिपोर्ट चालत नाही इथे. तुम्हाला नियम माहीत आहे."

"नियम माहीत आहे. म्हणून तर तुमच्याच खोलीत पुन्हा तपासा म्हणते. पण आधी एक करा. तुमची स्वतःची नजर किती आहे?"

"सहा बाय सहा. आयुष्यभर. मागच्या महिन्यातच पाहिली होती, जुन्या खोलीत."

"मग बसा की खुर्चीवर."

"मी कशाला?"

बाकावरचे ड्रायव्हर एव्हाना दारात जमले होते. सासरे त्यांच्या पुढे. म्हणाले, "साहेब, स्वयंपाक केला तर एक घास स्वतः खाऊन बघावा माणसाने. मीठ कळतं."

तपासनीसाने घड्याळाकडे पाहिलं. एकला अजून अवकाश होता. या मंडळींना लवकर वाटेला लावायचं तर बसणंच बरं, असा विचार करून तो बसला. एक डोळा झाकला आणि वाचायला लागला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी, आवाज कसा खणखणीत, पाढे म्हटल्यासारखा. पाचवी ओळही झाली. सहावीला तो थांबला. पुढे वाकला. एक अक्षर म्हणाला, मग म्हणाला, "नाही, थांबा." डोळे चोळले. दुसरा डोळा झाकून पाहिलं. पुन्हा पाचव्या ओळीपाशीच गाडी अडली.

तपासनीसाचा चेहरा उतरला होता. तो हळूच म्हणाला, "मागच्या महिन्यात तर चांगले होते हो माझे डोळे."

दारातला चष्मा कपाळावर चढवलेला ड्रायव्हर म्हणाला, "मोबाइल कमी बघा साहेब."

असा हशा पिकला की बाहेरचा शिपाईही आत डोकावला. भिंगरीला मात्र त्या माणसाची दया आली. ती जवळ जाऊन म्हणाली, "साहेब, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. तुम्ही बघताय कशात ते बघा. आरशात. आणि तक्ता कुठे आहे? तुमच्या डोक्यावर."

तपासनीसाने मान वर करून तक्त्याकडे पाहिलं. मग समोर, लांबवर, आरशातल्या एवढ्याशा स्वतःकडे पाहिलं. मग पायाखालच्या पिवळ्या पट्ट्याकडे. बाईंनी टेप काढून त्याच्या हातात द्यायला हात पुढे केला, पण त्याला टेप लागलीच नाही. त्याचं त्यालाच उमगलं. त्याने दोन्ही हात डोक्याला लावले.

"जायला सहा, यायला सहा," तो म्हणाला. "अरे देवा. जुनी खोली अर्धी होती. नव्या खोलीत सहा मीटर जागा मिळाली म्हणून मी खूश झालो. म्हटलं, आता नियमाप्रमाणे सहा मीटर. आरसा आणलाच होता, तोही लावला. एकतर खोली लांब हवी, नाहीतर आरसा हवा. मी दोन्ही केलं."

"शहाणपण दुप्पट झालं," सासरे म्हणाले.

"काका, बोला. आज तुमचा दिवस आहे." आणि तो माणूस स्वतःच हसायला लागला. हसता हसताच उठला आणि खुर्ची पुढे ओढायला लागला. चार ड्रायव्हर मदतीला धावले. तक्ता, त्याचा दिवा, सगळं भिंतीवरून काढून एका उभ्या फळीवर ठोकून खुर्चीमागे आणलं. टेप धरायला भिंगरी बसली आरशापाशी, दुसरं टोक बाईंच्या हातात. तीन मीटरला तपासनीसाने खडूने रेघ मारली. टेप बाजूला ठेवून तोच पहिल्यांदा खुर्चीवर बसला आणि शेवटून दुसरी ओळ गडगडाट केल्यासारखी वाचून काढली. दाराशी टाळ्या पडल्या.

"या ताई," तो म्हणाला. "बसा."

भिंगरी बसली आणि तिला एकदम भीती वाटली. काल रात्रभर तिला वाटलं होतं की आपले डोळेच गेले. सकाळी दुकानात बरं वाटलं, पण ते दुकान होतं. इथे, या खुर्चीवर, जर अक्षरं पुन्हा विरघळली तर? दारात सगळा डेपो उभा. तिने झाकण डोळ्यावर घट्ट दाबलं.

"सावकाश," बाई म्हणाल्या. "अक्षरं कुठे जात नाहीत."

तिने आरशात पाहिलं. तिथे अक्षरं होती, काळी कुळकुळीत. साठवालं एकटं अक्षर. मग छत्तीसची ओळ, चोवीसची, अठराची. बाराची ओळ आली, जिच्यापुढे काल भिंत होती. ती पार झाली. नवाची ओळ. इथे ती पास झाली होती, पण हे तिच्या ध्यानातच आलं नाही, ती वाचतच राहिली. सहाची ओळ, शेवटच्या अक्षरापर्यंत. त्याखालच्या पाचच्या ओळीत दोन अक्षरं बरोबर सांगितली आणि तिसऱ्याला अडखळली.

"पुरे," तपासनीस म्हणाला. "दुसरा डोळा."

दुसराही तसाच. त्याने कालचा कागद ओढला, दोन्ही बारांवर रेघ मारून सहा लिहिले, बाजूला सही केली आणि 'अपात्र'मधला 'अ' खोडला. मग कागद घेऊन जिना चढून स्वतःच वर गेला, एक वाजायच्या आत. बाकावरच्या ड्रायव्हरांनी भिंगरीला असं घेरलं, जणू तिने डोंगर हलवला. एक म्हणाला, "ताई, माझ्या ह्या चष्म्याचं काय करू?" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "कोणत्या दुकानाने दिला तो? त्याचं नाव सांग मला आधी."

रांग पुन्हा सुरू झाली. एकेक जण बसत होता, वाचत होता आणि उठताना दुसऱ्याच्या पाठीत थाप मारत होता. सासऱ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. म्हणाले, "मीही बसतो. बघू दे, म्हाताऱ्याचे किती येतात."

तपासनीस वरून आला होता, खुशीत होता. म्हणाला, "बसा काका. तुमचा मान पहिला."

सासऱ्यांनी उजवा डोळा झाकला आणि वरचं मोठं अक्षर सांगितलं. छत्तीसची ओळ डोळा बारीक करून सांगितली. मग झाकण काढायला लागले.

"पुढची, काका."

"पुढची कुठली? संपला तक्ता."

कुणीतरी हसलं, आणि मग हसणं थांबलं. दुसरा डोळा त्याहूनही मंद निघाला. सासरे आरशाकडे पाहत म्हणाले, "अंतर चुकलं असेल परत. टेप लावा."

भिंगरी त्यांच्या गुडघ्याशी उकिडवी बसली. "बाबा, आता अंतर बरोबर आहे."

"किती आले?"

"सहा बाय छत्तीस. दुसऱ्याचे सहा बाय साठ." तिला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "चांगल्या डोळ्याला जे छत्तीस मीटरवरून दिसतं, त्यासाठी तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. रस्त्यातल्या गाड्यांना नावं ठेवता ना तुम्ही, कोणत्या गाड्या दिसतात खऱ्या?"

सासऱ्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आवाजावरून ठेवतो."

चष्मेवाल्या बाईंनी त्यांच्या डोळ्यात टॉर्च मारून पाहिली. बुबुळांमागे दुधासारखी साय धरली होती. "मोतीबिंदू आहे, काका. पिकलेला. हे चष्म्याचं काम नाही, पण ऑपरेशनचं आहे, आणि ते होतं. कुणाला सांगितलं का नाही इतके दिवस?"

"निवृत्त माणसाला कोण पाटी वाचायला लावतं?" सासरे म्हणाले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "करून टाकू. पण आधी तुझी गाडी रस्त्यावर येऊ दे."

"आधी तुमचे डोळे," भिंगरी म्हणाली. "नाहीतर मी गाडी चालवतेय की दुसरं कुणी, आवाजावरून कसं कळणार तुम्हाला?"

"तुझा गिअर मला हजारात कळेल."

पण त्यांनी ऐकलं. भिंगरीचं डेपोतलं प्रशिक्षण चालू असतानाच एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि थोड्या अवकाशाने दुसऱ्याचं. पट्टी सुटली त्या दिवशी सासऱ्यांनी दोन्ही नातींना शेजारी शेजारी निजवून नीट पाहून घेतलं आणि जाहीर केलं की या दोघी मुळीच सारख्या दिसत नाहीत, घरच्यांनाच डोळे नाहीत.

भिंगरीची पहिली फेरी सकाळची होती. सासरे घराजवळच्या थांब्यावर जाऊन बसले होते, मुलगा नळाची पिशवी घेऊन त्यांच्या शेजारी. रस्ता तिथे सरळ लांब जातो, दूर पुलापर्यंत. पुलावर एक बस चढली, अजून काडेपेटीएवढी.

"तीच," सासरे म्हणाले.

"बाबा, एवढ्या लांबून? नंबरही दिसत नाही."

"तुला नसेल दिसत. तू सहा बाय बारा असशील." ते उठून उभे राहिले, गुडघ्यावर हात न ठेवता. "आत बाई बसलीय. आणि बघ, पुलाच्या उतारावर ब्रेक नाही दाबला, गिअरवर उतरवतेय. मी शिकवलंय ते."

बस थांब्यावर येऊन लागली. दार उघडलं. भिंगरी स्टिअरिंगमागून म्हणाली, "चढा बाबा, मागे गाड्या अडल्यात."

त्या दिवशी ते शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि परत आले, पुढच्या सीटवर बसून, वाटेतली प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचत. उतारू वैतागले. भिंगरीने त्यांना एकदाही गप्प केलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, थंडीतल्या एका सकाळी, भिंगरी कामावर असताना, तिचे सासरे झोपेतच वारले.